माघ वद्य पंचमी, पन्नास सेकंदांत

लक्ष्मीकांत मुळ्ये यांच्या हातून अडतीस वर्षांत एकही तारीख चुकली नव्हती, आणि ही गोष्ट त्यांनी निम्म्या इंदूरला ऐकवून ठेवली होती. माणसाने एखादी गोष्ट इतकी मिरवू नये हे त्यांनाही कळत होतं. पण मिरवण्यासारखं दुसरं काही नसलं की जे आहे तेच घासूनपुसून वापरावं लागतं.

पणजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून, आजोबा शाळामास्तर, वडील बँकेत. त्या घरात लक्ष्मीकांतांनी कॅमेरा हातात घेतला तेव्हा वडिलांनी आठ दिवस अबोला धरला होता. बडा गणपतीजवळ त्यांचा छोटा स्टुडिओ होता. लग्नाचे फोटो काढायचे, अल्बम चिकटवायचे, पुढे व्हिडिओ कॅसेट आल्या तेव्हा त्यांचं मिक्सिंग करायचं. नवरानवरीच्या डोक्यावर गुलाबाच्या पाकळ्या पाडणारं मशीन त्या भागात पहिल्यांदा त्यांच्याकडे आलं. कॅसेट सुरू झाली की निळ्या पडद्यावर दोघांची नावं आणि तारीख यायची, आणि ती तारीख लक्ष्मीकांत ग्राहकाकडून कागदावर लिहून घेत. बाजूच्या एका स्टुडिओवाल्याने एकदा ऐकीव तारीख टाकली होती आणि वरपक्षाने त्याला कॅसेट परत आणून दाखवली होती. तेव्हापासून लक्ष्मीकांतांचा नियम ठरला, की तारीख आधी कागदावर, मग पडद्यावर.

स्टुडिओ केव्हाच बंद झाला. आता वय बासष्ट, मुक्काम छत्रीबागेतल्या घरी, पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर. फोटो तरुण फोटोग्राफर काढतात, त्यांतून व्हिडिओ लक्ष्मीकांत बनवून देतात. हल्ली पत्रिका हातात पडायच्या आधी एक छोटासा व्हिडिओ फोनवर येऊन पडतो. लग्नाआधी काढून घेतलेले दोघांचे फोटो, मागे संगीत, आणि शेवटी तारीख, की बाबांनो, हा दिवस राखून ठेवा. लोक त्याला ‘सेव्ह द डेट’ म्हणतात. लक्ष्मीकांत सुरुवातीला हसले होते. मग त्यांच्या लक्षात आलं, की सगळी सजावट बाजूला केली तर ही तीच जुनी निळी पाटी आहे, आणि पाटी लिहिण्यात आपला हात कोण धरणार?

घरात ते एकटे. बायको रमा चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी संहिता पुण्यात नोकरी करते. संहितेचा फोन रोज येतो, तरी लक्ष्मीकांतांच्या मनात तिच्याविषयी एक अढी होती. रमाची तिथी मार्गशीर्ष वद्य सप्तमी. पहिलं वर्षश्राद्ध गुरुजींनी केलं, संहिताच सगळं बघत होती. त्यानंतर दोन वर्षं लक्ष्मीकांत भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून आपले आपण करत होते. खीर, वडे, रमाला आवडायची ती मेथीची भाजी, एक पान बाहेर. आणि दोन्ही वर्षी मुलीचा फोन यायचा तो एक महिना उशिरा! गेल्या वर्षी म्हणाली होती, “बाबा, आज आईची तिथी. तुम्ही केलंत ना सगळं?” लक्ष्मीकांत फक्त “केलं” म्हणाले आणि फोन ठेवला. आईची तिथी मुलीच्या लक्षात राहत नाही, हे तिला तोंडावर सांगायचं तरी कसं? यंदाची तिथी तर थंडी पडायच्याही आधी, डिसेंबरच्या पहिल्याच तारखेला आली. रमा गेली तेव्हा दाताशी दात वाजत होते. पण तिथी पुढेमागे होतेच, असं म्हणून त्यांनी खीर ढवळली होती.

त्याला दहाएक दिवस झाले असतील. पूर्वाच्या व्हिडिओचं काम तेव्हा चालू होतं.

पूर्वा ही दौलतराव घाटग्यांची नात. दौलतरावांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते आणि दौलतराव ऐंशीच्या घरात असूनही खुर्चीवर घोड्यावर बसल्यासारखेच बसत. त्यांच्या घरातली तीन लग्नं लक्ष्मीकांतांनी टिपली होती, पूर्वाच्या आईबापाचंसुद्धा. मुलगा यशवर्धन उज्जैनचा. अंकुर नावाच्या फोटोग्राफरने दोघांचे दोनशे चौदा फोटो आणून दिले. थोडे महेश्वरच्या घाटावरचे, थोडे सांवेरकडच्या गव्हाच्या शेतातले. शेतातल्या एका फोटोत यशवर्धन ट्रॅक्टरवर बसला होता आणि ट्रॅक्टर त्याच्या सात पिढ्यांत कुणाचा नव्हता हे त्याच्या बसण्यावरूनच कळत होतं.

दोनशे चौदांतून लक्ष्मीकांतांनी सोळा निवडले. तरुण मंडळी चाळीस फोटो कोंबतात, मग बघणाऱ्याला ना नवरी दिसते ना नवरा. त्यांनी एक लायसन्स घेतलेली धून निवडली, कारण सिनेमाचं गाणं टाकलं की इंटरनेटवर कधी आवाजच गायब होतो. संतूर, ढोलक आणि शेवटी सनई. धुनेचा ठेका मिनिटाला शहाण्णव. म्हणजे चार ठोके अडीच सेकंदांत. एकेक फोटो बरोबर चार ठोके ठेवायचा आणि पहिल्या ठोक्यावर बदलायचा. सोळा फोटोंचे चाळीस सेकंद, सुरुवातीला दोघांच्या नावांचे अडीच, आणि शेवटी तारखेला साडेसात. झाले पन्नास. फोटो उभ्या मांडणीत बसवले, कारण सगळे फोन उभाच धरतात. अक्षरं खालच्या कडेला नाहीत, तिथे फोनची बटणं येतात. आणि चेहऱ्यावर तर मुळीच नाहीत.

खरी करामत शेवटाला होती. सोळावा फोटो संपला की संतूर थांबते, अर्धा सेकंद काहीच नाही, आणि सनईच्या पहिल्या सुराबरोबर तारीख येते. आल्यावर ती हलत नाही, चमकत नाही, भिरभिरत नाही. अंकुरला ते जरा सपक वाटलं. इंदुरी बोलीत भैयाचा ‘भिया’ होतो, तसा तो म्हणाला,

“भिया, तारीख थोडी उडून आली पाहिजे ना. आजकल सब वैसाच चालतं.”

“उडणारी तारीख वाचायला लोकांनी काय उडायचं का?” लक्ष्मीकांत म्हणाले. “ती थांबली पाहिजे. आजीने चष्मा शोधेपर्यंत थांबली पाहिजे.”

मुहूर्त तेवढा ठरायचा होता. दोन्हीकडचे गुरुजी बसणार होते. म्हणून तारखेच्या जागी लक्ष्मीकांतांनी ‘तारीख इथे’ असं लिहून मसुदा पूर्वाला पाठवला. तिने आणि यशवर्धनने तो आपापल्या ऑफिसात बसून पाहिला. पूर्वाचा निरोप आला, “काका, एकदम मस्त! बस डेट आली की फायनल.”

शुक्रवारी सकाळी साडेदहाला दौलतरावांकडून एका चिठ्ठीचा फोटो आला. गुरुजींच्या अक्षरात लिहिलं होतं, माघ वद्य पंचमी, खाली शुभं भवतु. मागोमाग दौलतरावांचा आवाज आला.

“लक्ष्मीकांत, काल मुहूर्त निघाला. चिट्ठी पाठवली आहे. आज बारापर्यंत वेळ चांगली आहे, तेवढ्यात तयार करून दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकून दे. बच्चों को पूछत बसू नको, ती दोघं मीटिंगमध्ये असतात.”

इंग्रजी तारीख त्यांनी दिली नव्हती, आणि ती विचारायची लक्ष्मीकांतांची छाती नव्हती. लग्न तिथीला लागतं, तारखेला पगार होतो, असं दौलतराव म्हणत आले होते. लक्ष्मीकांत उठले आणि भिंतीशी गेले. किराणा दुकानदाराने परवाच दिलेलं नव्या वर्षाचं कॅलेंडर तिथे टांगलेलं होतं. वद्य म्हणजेच कृष्ण, हे काही त्यांना कुणी सांगायला नको होतं. माघ कृष्ण ५ त्यांनी बोट ठेवून शोधलं. जानेवारीच्या पानावर सापडलं. सत्तावीस तारीख, बुधवार.

दीड महिनाच राहिला म्हणायचा, असं त्यांच्या मनात आलं. पण हल्ली लोक घाईतच असतात.

त्यांनी महिना आकड्यात न लिहिता अक्षरात लिहिला, २७ जानेवारी, ठसठशीत. त्याखाली वर्ष आणि इंदूर. मग नेहमीच्या तीन परीक्षा घेतल्या. आधी आवाज बंद करून पाहिलं, कारण अर्धं जग व्हिडिओ मुक्यानेच बघतं. मग जुन्या, ओरखडे पडलेल्या फोनवर हात लांब करून पाहिलं. शेवटी शेजारच्या सुरुचीताई विरजण मागायला आल्या होत्या, त्यांना एकदाच दाखवलं आणि फोन पालथा ठेवला.

“सांगा, कधी आहे लग्न?”

“सत्तावीस जानेवारी,” सुरुचीताई पटकन म्हणाल्या. “कितनी साफ दिसते हो! गोड आहे जोडी.”

तिन्ही परीक्षांत पास. अकरा चाळीसला व्हिडिओ दोन्ही घरांच्या ग्रुपवर गेला. लाल बदामांचा पाऊस पडला, कुणी हात जोडले, कुणी नाचणारी बाई पाठवली. लक्ष्मीकांतांनी चहा टाकला.

चहा गाळेपर्यंत ग्रुपवर एक लांबलचक निरोप आला होता. लिहिणाऱ्या प्रेमलताबाई, म्हणजे यशवर्धनच्या मोठ्या आत्या. ‘व्हिडिओ छान आहे. पण पौषात लग्न कोण ठेवतं? आमच्या घरात आजवर असं झालं नाही. कुणी विचारलं का मोठ्यांना?’

लक्ष्मीकांत गोंधळले. पौष? हा पौष कुठून आला? ते पुन्हा भिंतीशी गेले. माघ कृष्ण ५, लख्ख छापलेलं. बाईंचा चष्मा बदलायला झाला असावा, असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात फोन वाजला. अंकुर होता.

“भिया, सत्तावीस जानेवारी? अरे त्या दिवशी तो मेरा धारला दुसरं लग्न आहे! मला तर पूर्वाने कल फेब्रुवारी सांगितलं.”

“फेब्रुवारी? मला चिठ्ठी आली आहे. लिहून आली आहे.”

“मग डेट बदलली असेल. आता मी काय करू?”

त्याला काय सांगणार? फोन ठेवला तर ग्रुपवर नवंच चाललेलं. यशवर्धनच्या वडिलांनी अतिशय सभ्य भाषेत लिहिलं होतं, की मुलीकडच्यांना तारीख अलीकडे आणायची होती तर एकदा बोलायला हवं होतं. मुलीकडच्या कुणीतरी उलट लिहिलं, की आम्हाला वाटलं तुम्हीच आणली. ग्वाल्हेरच्या एका काकांनी तर या पंधरा मिनिटांत चार रेल्वे तिकिटं काढूनही टाकली होती आणि वर आपल्या तत्परतेचा फोटो टाकला होता. व्हिडिओतली तारीख कुणालाच वाचायला अडचण आली नव्हती, हेच मोठं दुर्दैव.

मग पूर्वाचा फोन आला. तिचा आवाज रडवेला होता.

“काका, ये सत्तावीस जानेवारी कुठून आली? बाबांनी तर काल लग्नाचं गार्डन बुक केलं, पच्चीस फेब्रुवारीचं! यशचे पप्पा नाराज झालेत. आजोबांना विचारलं तर म्हणतात, मी तिथी बरोबर दिली.”

“बरोबरच दिली बेटा. मी त्याच तिथीची तारीख टाकली.”

“मग दोघं बरोबर तर गलत कोण आहे?”

लक्ष्मीकांतांनी चिठ्ठी पुन्हा वाचली, कॅलेंडर पुन्हा वाचलं, आणि पडद्यावर थांबलेली तारीख वाचली. तिन्हींचा मेळ बसत होता, फक्त जगाशी बसत नव्हता. अडतीस वर्षांची पत होती ती, बाकी त्यांच्यापाशी काय होतं? आणि पत जाऊ द्या, उज्जैन आणि इंदूरच्या दोन घरांत त्यांच्या पन्नास सेकंदांनी पहिला मिठाचा खडा टाकला होता. पूर्वाच्या आईच्या मांडवात त्यांनी कॅमेरा धरला होता. त्या आईच्या लेकीला आज त्यांनी रडवलं होतं, आणि कसं ते त्यांना कळतही नव्हतं.

दुपारी दोनच्या सुमारास दारात स्कूटर थांबली. पूर्वा ऑफिसातून अर्धी रजा टाकून आली होती आणि मागे दौलतराव, डोक्यावर हेल्मेट, हातात काठी. लक्ष्मीकांतांनी खुर्ची पुढे केली तरी ते बसले नाहीत.

“दाखव,” ते म्हणाले. “तू बघितलंस कुठे ते दाखव.”

लक्ष्मीकांतांनी भिंतीकडे बोट केलं. दौलतरावांनी कॅलेंडर हातात घेतलं, नाकाशी धरलं, जानेवारी पाहिला, फेब्रुवारी पाहिला. आणि मग ते जे हसायला लागले ते काठी टेकून हसत राहिले. पूर्वा रागावली.

“आजोबा, तिकडे सगळे भांडताहेत आणि तुम्हाला हसू सुचतंय?”

“अगं, भांडतील नाही तर काय! लक्ष्मीकांत, चिठ्ठी मराठी गुरुजीची आणि पंचांग तू बघितलंस हिंदीवाल्यांचं. मुळ्यांच्या घरात हे कॅलेंडर?”

लक्ष्मीकांतांच्या तोंडावर अजून काही उजाडलं नव्हतं. दौलतराव आता बसले. पूर्वालाही त्यांनी जवळ बोलावलं.

“आपला महिना अमावास्येला संपतो. यांचा पौर्णिमेलाच संपतो. शुद्ध पक्षात झगडा नाही, दोघांचा महिना एकच. पण पौर्णिमा उलटली की यांचा पुढचा महिना लागला आणि आपला तोच चालू. म्हणून हे ज्याला माघ वद्य म्हणतात, तो आपला पौष वद्य. ती प्रेमलताबाई बरोबर बोलत होती. आपला माघ वद्य फेब्रुवारीत येतो, पच्चीस तारखेला.”

“म्हणजे महिन्याचा फरक?” पूर्वा म्हणाली.

“वद्य पक्षात पूर्ण एक महिन्याचा. इंदुरात राहून मराठी माणसाला हे माहीत पाहिजे.”

लक्ष्मीकांतांना ते माहीत होतं. लहानपणी ऐकलं होतं, मोठेपणी विसरलं होतं, कारण विसरून चालत होतं. लग्न झाल्यापासून घरातल्या तिथी रमा बघायची. दरवर्षी डिसेंबरात ती पुण्याच्या भावाकडून मराठी कॅलेंडर मागवायची आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लावायची. संकष्टी, एकादशी, सासूसासऱ्यांच्या तिथी, गॅस कधी लावला, सगळं त्याच्यावर. ती गेली आणि भावानेही पाठवणं सोडलं. स्वयंपाकघरातला खिळा रिकामा राहिला. पुढच्या खोलीत किराणावाल्याचं फुकटचं आलं, आणि लक्ष्मीकांतांना वाटलं, कॅलेंडर ते कॅलेंडर.

“वद्यातल्या सगळ्याच तिथी?” त्यांनी विचारलं.

“सगळ्याच,” दौलतराव म्हणाले. “का रे?”

“काही नाही,” लक्ष्मीकांत म्हणाले आणि कॉम्प्युटरकडे वळले. हाताला काम होतं ते बरं झालं.

नुसती तारीख बदलून व्हिडिओ परत टाकायचा, असं पूर्वाचं म्हणणं होतं. लक्ष्मीकांतांनी मान हलवली. ग्रुपवरचा व्हिडिओ त्यांनी सगळ्यांसाठी पुसून टाकला होता, पण तो तिथून ज्यांच्या ज्यांच्या फोनवर पुढे गेला, तो कोण पुसणार? दोन्ही व्हिडिओ दिसायला सारखे असले तर लोक नवा उघडणारच नाहीत, पाहिलाय म्हणतील. म्हणून त्यांनी पहिला फोटो बदलला. आधी घाटावरचा होता, आता ट्रॅक्टरवरचा घेतला. तो एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. नावांच्या पाटीवर ‘नवा व्हिडिओ’ अशी बारीक ओळ टाकली. आणि शेवटी सनईबरोबर तारीख आली, २५ फेब्रुवारी, गुरुवार. त्याखाली दुसऱ्या ओळीत माघ वद्य पंचमी. तारीख वाचणाऱ्याला तारीख, तिथी वाचणाऱ्याला तिथी. दोन ओळी वाचायच्या म्हणून त्यांनी शेवट आणखी अडीच सेकंद वाढवला. सनई तेवढी लांब होतीच.

या खेपेला चौथी परीक्षाही घेतली. तयार झालेला व्हिडिओ आधी पूर्वाला दाखवला, मग दौलतरावांना, आणि दोघांकडून तारीख तोंडाने म्हणवून घेतली. मग सोबत निरोप लिहिला. ‘आधीच्या व्हिडिओत तारीख चुकली होती. चूक घाटगे किंवा यशवर्धनच्या घरची नाही, माझी आहे. मी तिथी हिंदी पंचांगात पाहिली. जुना व्हिडिओ कृपया पुसून टाका. लक्ष्मीकांत मुळ्ये.’

“काका, इतकं लिहायची काय जरूरत आहे?” पूर्वा म्हणाली. “टेक्निकल प्रॉब्लेम लिहून द्या ना.”

“टेक्निकल काही नव्हतं त्यात,” लक्ष्मीकांत म्हणाले. “तुझ्या सासरचे मनात किंतु ठेवतील. माझ्या नावावर राहू दे.”

पाठवलं. मग प्रेमलताबाईंचा निरोप आला, ‘आता बरोबर. माघ कसा शोभतो!’ यशवर्धनच्या वडिलांनी हसरा चेहरा टाकला आणि लिहिलं, की आमच्याकडेही असाच घोळ एकदा मुंजीत झाला होता. ग्वाल्हेरचे काका तेवढे तिकिटांचं काय करायचं ते विचारत राहिले. पूर्वाने डोळे पुसले आणि वाकून लक्ष्मीकांतांच्या पाया पडली. दौलतरावांनी जाताना खांद्यावर हात ठेवला.

“चुकतं रे,” ते म्हणाले. “दोन पंचांगांच्या गावात राहतो आपण.”

स्कूटर गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. लक्ष्मीकांत आत आले आणि सरत्या वर्षाचं कॅलेंडर त्यांनी कपाटाच्या मागून काढलं. डिसेंबर. एक तारखेच्या चौकटीत छापलं होतं, मार्गशीर्ष कृष्ण ७. त्यावर त्यांनीच पेनने गोल केला होता. त्यांनी बोट पुढे पुढे नेलं. पौर्णिमा तेवीस तारखेला. तिच्यापुढे एक, दोन, तीन. बोट तीस तारखेवर थांबलं. तिथे पौष कृष्ण ७ होतं.

ते खुर्चीत बसले. यंदा धरून तीन वर्षं त्यांनी रमाची खीर चुकीच्या महिन्यात केली होती. पान बाहेर ठेवलं तेव्हा तिची तिथी नव्हतीच. आणि जेव्हा खरी तिथी होती, तेव्हा ते मुलीवर मनातल्या मनात चिडून बसले होते. आधीच्या दोन्ही वर्षी बरोबर दिवशी तिने फोन केला होता. तिच्या घरी मामाने दिलेलं कॅलेंडर असणार, आईसारखंच स्वयंपाकघरात लावलेलं. आणि त्यांनी तिला एका शब्दात वाटेला लावलं होतं. त्यांना फार लाज वाटली. रमापुढे वाटली आणि लेकीपुढे त्याहून जास्त.

थोड्या वेळाने डोळ्यांवरचा चष्मा पुसून ते पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसले. रमाचे फोटो त्यांच्याकडे हजार होते, त्यांनी एकच घेतला. स्टुडिओतला, अल्बम चिकटवतानाचा. बोटांना डिंक लागलेला, आणि ती कॅमेऱ्याकडे न बघता म्हणतेय, माझे कशाला काढता, कामं पडलीत. फोटो उभ्या मांडणीत बसवला. संगीत लावलं नाही. त्याखाली महिना अक्षरात लिहिला, ३० डिसेंबर, आणि दुसऱ्या ओळीत मार्गशीर्ष वद्य सप्तमी. दहा सेकंद तो तसाच थांबवला. आवाज बंद करून बघायची गरज नव्हती, तरी जुन्या फोनवर हात लांब करून त्यांनी तो पाहिला.

संहितेला पाठवताना खाली लिहिलं, ‘बेटा, तू बरोबर होतीस. तीन वर्षं मी तिथी चुकीच्या महिन्यात केली. या वर्षी आपण दोघं मिळून करू. जमेल का?’

खूण निळी झाली. बराच वेळ संहिता काहीतरी लिहीत होती, थांबत होती, परत लिहीत होती. लक्ष्मीकांत फोन हातात धरून बसून राहिले. शेवटी निरोप आला तो एवढासाच होता.

‘तिकीट काढलं, बाबा. येताना कॅलेंडर आणते. स्वयंपाकघरातला खिळा आहे ना अजून?’